समईच्या उजेडातला फोटो

गौरीपूजनाच्या संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर जे फोटो येऊन पडतात, त्यातला एखादा बोटांनी मोठा करून पाहा. छोटा असताना सगळं छान दिसतं. मुखवटे, शालूची जर, मागच्या माळांची रोषणाई. मोठा केला की मुखवट्याच्या गालावर जांभळे-हिरवट ठिपके उमटलेले दिसतात, शालूच्या काठावरचे मोर एकमेकांत मिसळून गेलेले असतात आणि मागच्या पडद्याच्या काळोखात नुसते रवाळ दाणे भरलेले असतात. बरं, फोन साधा म्हणून असं होतं, असंही नाही. पाऊण लाखाच्या फोनवर काढलेला फोटोही याच वाटेनं जातो. या दाण्यांना कोणी नॉइज म्हणतं, कोणी ग्रेन्स, कोणी ‘फोटो फुटलाय’ म्हणून सोडून देतं.

तो न फुटता येऊ शकतो, आणि त्यासाठी नवा फोन लागत नाही. मात्र दाणे येतात कुठून, हे एकदा समजून घ्यावं लागतं.

आधी उजेडाचा हिशोब पाहू. उजेड मोजायचं माप आहे लक्स. एक मेणबत्ती एक मीटरवर साधारण १ लक्स उजेड देते. भर दुपारच्या उन्हात तोच आकडा १ लाखाच्या आसपास असतो. ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात तो शे-दीडशेवर येतो. आणि आरास उठून दिसावी म्हणून ट्यूब बंद करून फक्त समया आणि माळा ठेवल्या, की मुखवट्यांवर जेमतेम १० लक्स पडतात. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळे काही मिनिटांत अंधाराला सरावतात. फोनला तशी सवय होत नाही. त्याच्या हाती उन्हातल्यापेक्षा दहा हजारपट कमी उजेड आलेला असतो.

उजेड कमी असला तर फोटो फक्त काळा यायला हवा, दाणे का येतात? कारण उजेड सलग ओतला जात नाही, तो कणाकणानं पडतो. अंगणात एकसारख्या शंभर वाट्या मांडल्या आणि पावसाची भुरभुर सुरू होताच दहा सेकंदांत उचलून आत आणल्या, तर एका वाटीत तीन थेंब असतील, शेजारच्या वाटीत सहा, तिसरीत एकच. पाऊस सगळ्यांवर सारखाच होता, पण थेंब मोजकेच असल्यामुळे वाटपात फरक पडला. त्याच वाट्या तासभर पावसात राहू दिल्या असत्या, तर सगळ्यांत पाण्याची पातळी जवळपास सारखी भरली असती. फोनच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही अशी एक वाटी आहे. गालाचा एकसारखा भाग टिपणाऱ्या शेजारशेजारच्या पिक्सेलांत प्रकाशकणांची संख्या वेगवेगळी पडली, की गाल एकसारखा न दिसता ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. दाणे म्हणतात ते हेच.

या फरकाचा नियम सोपा आहे. जितके कण मिळाले, त्याच्या वर्गमुळाइतका आकडा मागेपुढे होतो. एका पिक्सेलला १०० कण मिळाले, तर त्यात १० इकडेतिकडे, म्हणजे १० टक्के. १०,००० मिळाले, तर १०० इकडेतिकडे, म्हणजे फक्त १ टक्का, जो डोळ्यांना दिसतही नाही. हे दोन आकडे लक्षात राहू द्या, पुढे पुन्हा लागतील.

‘आयएसओ वाढवला की ग्रेन्स येतात’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आयएसओ म्हणजे जे मिळालं ते किती मोठं करून दाखवायचं, याचा आकडा. दाणे त्याच्यामुळे तयार होत नाहीत. ते उजेडाच्या तुटवड्यामुळे आधीच पडलेले असतात, आयएसओ त्यांना नजरेसमोर आणतो. म्हणून इलाज एकच: फोटो काढतानाच जास्त उजेड गोळा करायचा. नंतर उजळवून तो तुटवडा भरून निघत नाही. स्थिर हात, नाइट मोड आणि जपून उजळवणं, या तिन्ही गोष्टी याच एका मुद्द्यावर उभ्या आहेत.

जांभळे ठिपके का, याचंही उत्तर इथेच आहे. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. समईच्या ज्योतीत पिवळा-तांबडा उजेड भरपूर असतो, निळा अगदी थोडा. त्यामुळे निळ्या गाळणीचे पिक्सेल जवळपास उपाशी राहतात. फोटो फार पिवळा दिसू नये म्हणून फोन निळा रंग आपणहून वाढवतो, आणि त्याबरोबर निळ्यातला गोंधळही वाढतो. सावलीतले निळे-जांभळे डाग तिथून येतात.

फोटो काढायच्या आधी तीन गोष्टी करा, त्यांना मिनिटभरही लागत नाही. फोनच्या मागची भिंग मऊ सुती कापडानं पुसा. सणाच्या दिवशी हाताला तेल, तूप, हळद-कुंकू लागलेलं असतंच, आणि भिंगावर बोटाचा ठसा असला की प्रत्येक ज्योतीभोवती धुरकट वलय येतं. दुसरं, १ एक्स म्हणजे मुख्य कॅमेराच वापरा. अर्ध्या एक्सच्या वाइड कॅमेऱ्याचा आणि झूमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुतेक फोनांत लहान असतो, त्यामुळे तिथे मुळात उजेडच कमी पोचतो. कमी उजेडात झूम केलं तर कित्येक फोन दुसरा कॅमेरा न वापरता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून देतात. जवळून हवं असेल तर दोन पावलं पुढे जा. तिसरं, खोलीतला एक तरी दिवा चालू राहू द्या. अगदी समोरचा नको, त्यानं आरास सपाट दिसते. बाजूचा दिवा किंवा शेजारच्या खोलीचं उघडं दार पुरतं. तेही नसेल, तर दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो आणि मुखवट्याच्या अंधाऱ्या बाजूला नेमका हवा तेवढाच पोचतो.

आता हाताकडे वळू. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक कंप असतो. शटर किती वेळ उघडं राहतं, यावर तो कंप फोटोत दिसतो की नाही हे ठरतं. जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला लावला, तर हातात धरून १/२५ सेकंदापर्यंत निभावतं. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो हलण्याचा धोका. ऑटोवर असलेला फोन हे ओळखून शटर कमीच वेळ उघडतो, आणि तूट भरायला आयएसओ चढवतो.

आपल्या १० लक्सच्या गौरींवर हे आकड्यांत करून पाहू. मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र एफ १.८ धरलं, तर हातात धरून १/२५ सेकंदाला आयएसओ २००० च्या आसपास लागतो. तोच फोन पक्का टेकवून १/४ सेकंद शटर उघडं ठेवता आलं, तर आयएसओ ३२० वर भागतं. उजेड सहापटीहून थोडा जास्त मिळाला. वर्गमुळाच्या नियमानं दाणे अडीचपट कमी झाले. इथे ना फोन बदलला, ना ॲप, फक्त हात टेकला. हे पडताळणंही सोपं आहे. गॅलरीत फोटो उघडून त्याची माहिती पाहिली, की आयएसओ आणि शटरचा वेळ लिहिलेला दिसतो. एक फोटो हातात धरून आणि एक टेकवून काढा आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बघा.

टेकवायचं कसं? उभं राहून हात लांब करून, एका हातानं फोन धरणं ही सगळ्यात वाईट पद्धत. दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना लावा, पाठ किंवा खांदा दाराच्या चौकटीला टेकवा. त्याहून बरं म्हणजे खाली बसा. गौरी-गणपतीपुढे गुडघे उभे करून बसलात आणि कोपरं गुडघ्यांवर ठेवलीत, तर दोन फायदे मिळतात. हात स्थिरावतो आणि फोन मूर्तीच्या नजरेच्या उंचीवर येतो. वरून खाली काढलेल्या फोटोत मूर्ती बुटकी दिसते, हा दोषही त्यात निघून जातो. श्वास पूर्ण सोडल्यावर पुढचा घेण्याआधी जो क्षणभर थांबा असतो, त्यात बटण दाबा.

आणि सगळ्यात उत्तम म्हणजे फोन हातात धरूच नका. चौरंगासमोर एक स्टूल, त्यावर पितळी किंवा स्टीलचा जड डबा, त्याच्या पुढे दुमडलेला नॅपकिन घालून त्यात फोन रोवून उभा करा. छोटा ट्रायपॉड असेल तर प्रश्नच नाही. फोन टेकवला तरी एक चूक बरेचजण करतात, ती म्हणजे पडद्यावरचं बटण बोटानं दाबतात. त्या धक्क्यानं टेकवलेला फोनही हलतो. म्हणून २ किंवा ३ सेकंदांचा टायमर लावा. हातात धरला असेल तर आवाजाचं बाजूचं बटण वापरा, तिथे बोटाला पकड बदलावी लागत नाही. फोनच्या भिंगाला हादरे पेलायची सोय, म्हणजे ओआयएस, असली तर हाताचा कंप बराच शोषला जातो. समोरचा माणूस हलला, तर तिचा काही उपयोग नाही.

नाइट मोडही उजेड साठवण्याचंच काम करतो, फक्त तो तुकड्यातुकड्यांनी साठवतो. २०१८ साली हुवावेच्या पी२० प्रो फोननं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगलच्या पिक्सेलवरच्या नाइट साइटनं ही पद्धत लोकांसमोर आणली. २०१९ मध्ये ती आयफोन ११ वर आली आणि आता मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत असते. एक लांबलचक फोटो घेण्याऐवजी फोन एकामागून एक अनेक छोटे फोटो घेतो, हाताच्या हालचालीमुळे ते जितके सरकले असतील तितके परत सरकवून एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. मुखवट्याचा गाल प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून तो टिकतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, म्हणून ते एकमेकांना खोडतात. नऊ फोटोंची सरासरी काढली, तर दाणे तीनपट कमी होतात. इथेही तोच वर्गमुळाचा नियम.

मग हात स्थिर ठेवायची गरज काय, फोन सरकवून घेतोच की? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तर या सगळ्याच्या मुळाशी आहे. फोनच्या आत हालचाल ओळखणारा गायरोस्कोप असतो. बटण दाबण्याआधीच फोन आपण किती हलतोय हे मोजतो, आणि त्यावरून प्रत्येक तुकडा किती लांब घ्यायचा ते ठरवतो. गूगलच्या इंजिनिअरांनी सुरुवातीच्या नाइट साइटबद्दल जे सांगितलं, त्यानुसार हातात धरलेल्या फोनवर १/१५ सेकंदाचे १५ तुकडे घेतले जात, तर ट्रायपॉडवर पूर्ण एक सेकंदाचे ६. बेरीज करा: एकीकडे एक सेकंद, दुसरीकडे सहा. म्हणजे तोच फोन, तोच मोड, आणि केवळ टेकवल्यामुळे सहापट उजेड. आयफोनवर हा फरक पडद्यावरच दिसतो. हातात असताना नाइट मोडच्या चिन्हाजवळ एक-दोन किंवा तीन सेकंद लिहून येतात. ट्रायपॉडवर बसवला की वेळ ३० सेकंदांपर्यंतही नेता येतो. हात हलला तर दोन अधिकचिन्हं पडद्यावर येतात, ती एकमेकांवर ठेवत राहायचं.

नाइट मोडमध्ये घाई नडते. बटण दाबल्याचा आवाज आला म्हणजे फोटो झाला, असं समजून लोक फोन खाली घेतात. गोल पूर्ण भरेपर्यंत, किंवा आकडा शून्यावर येईपर्यंत थांबा. माळांचं बटण ‘चमचम’ किंवा धावत्या दिव्यांवर असेल, तर ते आधी स्थिर करा. नाहीतर एका तुकड्यात पेटलेला दिवा दुसऱ्यात विझलेला असतो आणि सरासरीत सगळी माळ मरगळून दिसते. पंखाही बंद करा. मागचा जरीचा पडदा हलत असला, की फोनला तो जुळवता येत नाही आणि नेमक्या त्याच भागात दाणे राहतात किंवा पडद्याच्या दुहेरी कडा येतात.

जास्तीत जास्त वेळ म्हणजे सर्वात चांगला फोटो, असंही नाही. दहा सेकंद उजेड गोळा केल्यावर समईची ज्योत एक मोठा पांढरा गोळा होते, मुखवट्याचा सोनेरी रंग फिका पडतो आणि रात्रीचे साडेआठ दुपारचे चार वाटू लागतात. फोननं आपणहून सुचवलेल्या वेळेत एक फोटो घ्या, आणि एक त्याच्या निम्म्या वेळेत. समईच्या आराशीत मला तरी बऱ्याचदा दुसराच आवडतो.

इथपर्यंत सगळं स्थिर होतं. आरती सुरू झाली की चित्र बदलतं. टाळ्या, झांजा, घंटा, फिरणारं तबक, मधूनच पळणारी लहान मुलं. नाइट मोडला हे झेपत नाही, कारण त्याचा सगळा डाव सगळं जागच्या जागी असण्यावर आहे. टाळी वाजवणाऱ्या आजोबांचा चेहरा नीट येतो आणि हातांच्या जागी धूसर पट्टा. अशा वेळी नाइट मोड बंद करा आणि खोलीतला मोठा दिवा लावा. ट्यूबच्या शे-दीडशे लक्समध्ये आराशीची गूढता थोडी जाते, पण माणसं नीट येतात, आणि आरतीचा फोटो माणसांचा असतो. फोनमध्ये प्रो मोड असला, तर शटर १/१०० सेकंदावर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर त्या चालीशी जुळलं की स्वस्त एलईडींमुळे फोटोवर पडणारे आडवे पट्टे टळतात. टाळ्यांचे हात १/१०० ला थोडे धूसर येतील, ते चालतं, त्यात जिवंतपणा आहे. चेहरा मात्र हलता कामा नये.

आणि संधी ओळखा. आरती संपून मंत्रपुष्पांजली सुरू होते, तेव्हा सगळेजण हातात फुलं-अक्षता घेऊन मूर्तीकडे तोंड करून जवळजवळ निश्चल उभे असतात. संपूर्ण पूजेत घरातली सगळी माणसं एकदम, इतका वेळ स्थिर असण्याची दुसरी वेळ नाही. त्या वेळी बाजूच्या भिंतीला टेकून, एक-दोन सेकंदांच्या नाइट मोडवर फोटो घ्या. आरतीच्या गडबडीतल्या वीस फोटोंत मिळणार नाही, ते तिथे एका फोटोत मिळतं.

फोटो काढल्यावर लगेच, मंडळी पांगायच्या आत, एखादा चेहरा मोठा करून पाहा. दोष कोणता आहे, हे ओळखता आलं की उपाय कळतो. सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्या गेल्या असतील, दिव्यांचे ठिपके रेघा झाले असतील, तर हात हलला: टेकवून पुन्हा घ्या. मागची आरास स्वच्छ आणि फक्त माणूस धूसर असेल, तर माणूस हलला: उजेड वाढवा, वेळ कमी करा. कडा स्वच्छ पण सगळीकडे रवाळ दाणे असतील, तर उजेड कमी पडला. आणि दाणे नाहीत, पण गाल मेणाचे आणि केस एकसंध काळे दिसत असतील, तर फोननं दाणे पुसता पुसता तपशीलही पुसून टाकला. उजेड फार कमी पडला, की फोन हेच करतो. या शेवटच्या दोषावर नंतर इलाज नाही, कारण पुसलेलं परत येत नाही.

आता उजळवण्याचा भाग. चांगल्या निघालेल्या फोटोंची नासाडी सगळ्यात जास्त इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सावळाराम हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या स्त्रीचं चित्र बहुतेकांनी कॅलेंडरवर तरी पाहिलेलं असतं. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाचं हे जलरंगातलं चित्र मूळ सावंतवाडीच्या या चित्रकारानं १९४५-४६ च्या सुमाराला रंगवलं, आणि त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात. त्यात उजेड कुठे आहे, ते नीट पाहा. चेहऱ्यावर, ज्योतीआड धरलेल्या बोटांच्या कडांवर आणि साडीच्या वरच्या भागावर. मागची भिंत सावलीत राहू दिली आहे आणि तरी काही राहून गेलं असं वाटत नाही. चेहरा उजळ वाटतो, तोच मुळी भोवतीच्या अंधारामुळे. नाइट साइट घडवणाऱ्या इंजिनिअरांनीही रात्र रात्रच दिसावी यासाठी जोसेफ राइट या इंग्रज चित्रकाराच्या गडद सावल्यांचा दाखला दिला होता.

फोटो उजळवताना आपण याच्या नेमकं उलट करतो. ‘ब्राइटनेस’ची पट्टी धरून सरळ उजवीकडे नेतो. आता मघाचे दोन आकडे आठवा. मुखवट्याच्या गालाला १०,००० कण मिळाले होते, तिथे फरक १ टक्का. मागच्या कोपऱ्याला १०० मिळाले होते, तिथे १० टक्के. कोपरा काळा होता तोवर ते १० टक्के काळोखात दडलेले होते. पट्टी ओढली की कोपरा करडा होतो आणि त्यातला प्रत्येक दाणा दिसायला लागतो. कोपऱ्यात बघण्यासारखं काही नव्हतंच, आणि आता डोळा तिथेच जातो.

म्हणून सबंध फोटो उजळवू नका, हवा तेवढाच भाग उजळवा. स्नॅपसीडमध्ये ‘सिलेक्टिव्ह’ नावाचं साधन आहे. मुखवट्यावर बोट ठेवून ठिपका लावा, दोन बोटांनी त्याचा घेर चेहऱ्यापुरता लहान करा आणि ब्राइटनेस १५-२० नं वाढवा. लाइटरूममध्ये मास्क लावून हेच करता येतं. फोनच्या साध्या गॅलरीत असं साधन नसेल, तर ब्राइटनेसला हात न लावता ‘शॅडोज’ थोड्या वर न्या. शंभरपैकी २०-२५ च्या पुढे मी सहसा जात नाही. मग ‘ब्लॅक पॉइंट’ जरासा वाढवा, म्हणजे जे अगदी काळं आहे ते पुन्हा काळं होईल आणि वर आलेले दाणे परत काळोखात जातील. ज्योत पांढरी पडली असेल, तर ‘हायलाइट्स’ थोडे खाली घ्या. ज्योतीचा गाभा मात्र पांढराच राहणार, तो तसाच असू द्या, दिव्यात तपशील शोधायचा नसतो. मुकुटाचं सोनं पांढरं पडलेलं नाही ना, एवढं पाहिलं म्हणजे झालं.

हे करताना फोटो मोठा करून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर नजर ठेवा. हनुवटीखाली, कानामागे जांभळट डाग दिसायला लागले, की पट्टी तिथून थोडी मागे आणा. तीच मर्यादा. लाइटरूममध्ये दाणे कमी करायची सोय आहे, तिथे आधी रंगाचे दाणे कमी करा, त्यानं तपशील फारसा जात नाही. साधे करडे दाणे थोडे राहिले तरी चालतात, मेणाच्या गालापेक्षा ते केव्हाही बरे. शार्पनिंग, स्ट्रक्चर, क्लॅरिटी या पट्ट्यांपासून अशा फोटोंत दूरच राहा. त्यांना गालावरचा दाणा आणि शालूची जर यातला फरक कळत नाही, त्या दोन्हींना धार लावतात.

आणखी एक. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फोटो उजळवू नका. फोनच्या पडद्याची चमक तेव्हा आपोआप उतरलेली असते, कधी डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळी छटाही चढलेली असते. अशा पडद्यावर फोटो काळा वाटतो, आपण पट्टी ओढत जातो आणि सकाळी तो भकभकीत दिसतो. काम दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ, पडद्याची चमक निम्म्याच्या वर ठेवून करा.

शेवटी पाठवणं. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना तो लहान करून दाबून टाकतं. एकसारखा भाग दाबायला सोपा जातो, पण दाण्यांनी भरलेल्या भागाचे चौकोनी तुकडे पडतात. म्हणजे दाणे कमी असलेला फोटो पाठवल्यावरही बरा राहतो आणि आधीच फुटलेला आणखी फुटतो. ग्रुपवर टाकताना ‘एचडी’ निवडा, आणि ज्यांना छापून भिंतीवर लावायचा असेल, त्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसा तो जसाच्या तसा पोचतो. उजळवलेली प्रत वेगळी ठेवा आणि कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो पुसू नका. उजळवण्यात काही बिघडलं, तर पुन्हा सुरुवात करायला तोच लागतो.